लेझर प्रिंटर मोठ्या कामात मधेच का थांबतो? उष्णता आणि महिन्याच्या मर्यादेचं गणित

एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत छपाईच्या गर्दीचा काळ. १ मेच्या ग्रामसभेसाठी अहवालाच्या प्रती काढायच्या असतात, शाळांची निकालपत्रकं तयार होत असतात, लग्नसराईमुळे पाकिटांवर नावं छापून घ्यायला माणसं आलेली असतात. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा, टेबलावरचा छोटा लेझर प्रिंटर सकाळपासून चालू असतो.

अशातच एक गोष्ट हमखास घडते. पहिली पन्नास-शंभर पानं झपाझप बाहेर येतात. मग प्रिंटर दोन पानांच्या मधे थांबायला लागतो. कधी पाच सेकंद, कधी पंधरा. कधी तर मिनिटभर शांत बसतो आणि पुन्हा आपोआप सुरू होतो. कागद अडकलेला नसतो, टोनर संपलेला नसतो, कॉम्प्युटरवर एररही नसते. दुकानदाराला वाटतं मशीन गेलं. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदार वेळ काढतोय.

बऱ्याचदा यात बिघाड काहीच नसतो. प्रिंटर आतून तापलेला असतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने मुद्दाम वेग कमी केलेला असतो. तो असं का करतो आणि अशा वेळी काय करायचं, हे कळलं तर वेळही वाचतो आणि दुरुस्तीचा खर्चही.

एकाच डब्यात भट्टी आणि पावडर

लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अतिशय बारीक पावडर. ती आधी विजेच्या भाराने कागदावर चिकटते, पण तेवढ्यावर बोट फिरवलं तर पुसून जाईल. म्हणून कागद पुढे फ्युजर नावाच्या भागातून जातो. फ्युजर म्हणजे दोन रोलरांची जोडी. एका बाजूला हीटर, दुसऱ्या बाजूला दाब देणारा रबरी रोलर. इथे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असतं. पावडर वितळते, कागदाच्या धाग्यांत दाबली जाते आणि अक्षर पक्कं होतं. प्रिंटरमधून आलेलं पान हाताला गरम लागतं ते यामुळेच.

आता गंमत बघा. जी पावडर फ्युजरमध्ये वितळायला हवी, तीच पावडर काही इंच अलीकडे कार्ट्रिजमध्ये कोरडी आणि मोकळी राहायला हवी. आणि टोनर साधारण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यानच मऊ पडायला लागतो. म्हणजे एका छोट्या डब्यात एका टोकाला २०० अंशांची भट्टी आहे आणि दुसऱ्या टोकाला ५० अंशांच्या वर जाता कामा नये असा माल भरलेला आहे.

दोन-चार पानं काढायची असतील तर काहीच अडचण येत नाही. फ्युजर क्षणभर तापतो, काम करतो आणि गार होतो. मोठ्या कामात मात्र हीटर सतत चालू राहतो. पान जाताना बरीच उष्णता सोबत घेऊन जातं, पण सगळी नाही. उरलेली रबरी रोलरमध्ये, धातूच्या सांगाड्यात आणि आतल्या हवेत साठत जाते. मोटर आणि पॉवर सप्लायची उष्णता त्यात भर घालते. ही उष्णता बाहेर पडण्यापेक्षा जास्त वेगाने जमा होऊ लागली की आतलं तापमान चढत जातं.

फ्युजरजवळ तापमान मोजणारे सेन्सर असतात. ठरलेली हद्द जवळ आली की प्रिंटर आधी दोन पानांमधलं अंतर वाढवतो. त्या मोकळ्या वेळात हीटरला विश्रांती मिळते. तेवढ्याने भागलं नाही तर तो पूर्ण थांबतो. पडदा असलेल्या प्रिंटरवर अशा वेळी `Cooling Down` असा मजकूर दिसतो. दुकानांत सर्रास दिसणाऱ्या लहान मॉडेलांवर पडदाच नसतो, दोन दिवे असतात फक्त. त्यामुळे तिथे काहीच कळत नाही.

एप्रिल-मेमध्येच जास्त त्रास का?

कारण प्रिंटर स्वतःला गार करतो तो खोलीतल्या हवेने. ती हवाच गरम असेल तर उष्णता जाणार कुठे?

एचपीचा लेझरजेट १०२० हा प्रिंटर भारतातल्या छोट्या दुकानांत आणि कार्यालयांत वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्याच्या माहितीपत्रकात वापरासाठीचं तापमान १० ते ३२.५ अंश दिलेलं आहे. इतर अनेक लहान लेझर प्रिंटरांची वरची हद्दही ३२ अंशांच्या आसपासच असते. हे तापमान खोलीचं आहे, मशीनच्या आतलं नाही.

मंचर-नारायणगावच्या सपाटीवर एप्रिल-मेच्या दुपारी पारा सहज ३५ च्या पुढे जातो. त्यात पत्र्याचं छप्पर, शेजारी झेरॉक्स मशीन, दारातून येणारी गरम हवा. म्हणजे पहिलं पान निघण्याआधीच प्रिंटर कंपनीने सांगितलेल्या हद्दीच्या बाहेर उभा असतो. हाच प्रिंटर, हेच काम, हाच कागद डिसेंबरच्या सकाळी सलग निघेल आणि एप्रिलच्या दुपारी अडखळेल.

जागेचाही फरक पडतो. बऱ्याच दुकानांत प्रिंटर भिंतीला टेकवून किंवा कपाटाच्या खणात ठेवलेला असतो. बाजूच्या जाळीतून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि पुन्हा आत ओढली जाते. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेच्या दुकानांत धूळ भरपूर, ती जाळीत बसली की हवा खेळणं आणखी कमी होतं.

४०० पानांचं काम : एक हिशेब

समजा, एका ग्रामपंचायतीला ग्रामसभेसाठी २० पानी अहवालाच्या २० प्रती हव्या आहेत. एकूण ४०० पानं. प्रिंटरचा वेग मिनिटाला १४ पानं. ४०० ला १४ ने भागलं तर साडेअठ्ठावीस मिनिटं येतात. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, "अर्ध्या तासात या."

पण मिनिटाला १४ हा वेग प्रिंटर व्यवस्थित गार असतानाचा आहे. समजा, पहिली १०० पानं त्या वेगाने निघाली आणि मग तापल्यामुळे वेग निम्म्यावर आला. पहिल्या शंभराला सात मिनिटं लागली. उरलेल्या ३०० पानांना मिनिटाला ७ या वेगाने जवळपास ४३ मिनिटं लागतील. एकूण ५० मिनिटं. आणि या ४३ मिनिटांत मशीन सतत तापमानाच्या हद्दीवर चालत राहणार.

आता दुसरा मार्ग. तेच काम शंभर-शंभर पानांच्या चार तुकड्यांत पाठवायचं आणि दोन तुकड्यांमधे पाच मिनिटं थांबायचं. छपाईची चार वेळा सात म्हणजे २८ मिनिटं आणि विश्रांतीची तीन वेळा पाच म्हणजे १५ मिनिटं. एकूण ४३ मिनिटं. थांबूनही काम सात मिनिटं लवकर झालं. शिवाय त्या पाच मिनिटांत आधीच्या प्रती लावून पिना मारता येतात.

पाच मिनिटं हा आकडा प्रत्येक प्रिंटरला लागू होईलच असं नाही. तो आपल्या मशीनवर एकदा बघून ठरवावा लागतो. कितव्या पानाला वेग पडतो ते मोजायचं आणि त्याच्या थोडं आधी तुकडा संपेल असं काम पाठवायचं. १०२० सारख्या प्रिंटरमध्ये छापलेले कागद जमा होणारा ट्रे साधारण १०० पानांचाच असतो, म्हणून शंभराचा तुकडा सोयीचा पडतो.

दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. अनेक लहान प्रिंटरांत एका बाजूचे कागद छापून झाले की गठ्ठा हाताने उलटून पुन्हा आत घालावा लागतो. तो गठ्ठा गरमागरम आत घातला तर बाहेर निघालेली उष्णता आपणच परत मशीनमध्ये टाकतो, तीही कार्ट्रिजच्या जवळून. गठ्ठा टेबलावर पसरून गार होऊ द्यावा, मगच दुसरी बाजू छापावी.

लग्नाची पाकिटं आणि अरुंद कागद

लहान कागद म्हणजे कमी काम, म्हणून ते लवकर व्हायला हवं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पाकिटं, ए-फाइव्ह पावत्या किंवा अरुंद कार्डं छापताना प्रिंटर ए-फोरपेक्षा लवकर मंदावतो.

फ्युजरचा हीटर ए-फोर कागदाच्या रुंदीएवढा लांब असतो आणि तो पूर्ण लांबीभर तापतो. ए-फोर कागद गेला की सगळ्या लांबीवरची उष्णता कागद घेऊन जातो. अरुंद पाकीट फक्त त्याच्या रुंदीपुरतीच उष्णता नेतं. जिथे कागद पोचतच नाही, त्या भागात उष्णता साठत राहते. मधला भाग योग्य तापमानावर आणि कडा भाजून निघालेल्या, अशी अवस्था होते. कडांजवळची पातळ फिल्म किंवा रोलर खराब होऊ नये म्हणून प्रिंटर दोन पाकिटांमधलं अंतर बरंच वाढवतो. अरुंद कागदावर वेग आपोआप कमी होईल, असं कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही लिहिलेलं असतं.

यावर उपाय साधा आहे. पावत्या असतील तर एका ए-फोरवर दोन छापून मधोमध कापाव्यात. पाकिटांना तो मार्ग नसतो, म्हणून ती दहा-दहाच्या गठ्ठ्याने घालावीत आणि कामाचा अंदाज देतानाच जास्त वेळ सांगावा. आणि पाकिटं संपल्याबरोबर ए-फोरचं काम सुरू करू नये. कडा अजून तापलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या काही पानांच्या बाजूला काळे डाग किंवा पुसट सावली उमटू शकते. काही मिनिटं थांबलं की हे टळतं.

थांबण्याचं कारण उष्णताच आहे, हे कसं ओळखायचं?

प्रिंटर मधेच थांबण्याची आणखीही कारणं असतात. ती एकमेकांसारखी दिसतात, पण ओळखण्याची खूण प्रत्येकाची वेगळी आहे.

उष्णतेची खूण अशी की सुरुवात वेगात होते आणि पुढे वेग पडत जातो. कुठल्या पानावर काय छापलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. अर्धा तास थांबून पुन्हा सुरू केलं की वेग परत येतो.

दुसरं कारण म्हणजे कॉम्प्युटरकडून माहिती उशिरा येणं. लहान प्रिंटरांत मेमरी कमी असते आणि पान तयार करण्याचं काम कॉम्प्युटरच करतो. पानावर फोटो, नकाशा किंवा स्कॅन केलेला कागद असेल तर ते पान तयार व्हायला वेळ लागतो आणि प्रिंटर वाट बघत बसतो. इथे थांबा ठरावीक पानांवरच येतो. स्कॅन केलेल्या सातबाऱ्यांची फाइल पहिल्या पानापासूनच रखडते, साधा टाइप केलेला मजकूर मात्र सुरळीत निघतो.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी चाचणी आहे. साध्या मजकुराचं एकच पान घ्यायचं आणि त्याच्या ६० प्रती काढायच्या. पहिल्या दहा पानांना किती सेकंद लागले आणि शेवटच्या दहांना किती, हे मोबाइलवर मोजायचं. शेवटच्या दहांना बराच जास्त वेळ लागला तर उष्णता. दोन्हींना सारखाच वेळ लागला आणि अडचण फक्त फोटोवाल्या फायलीत येत असेल, तर दोष माहितीच्या वाटेत आहे. प्रिंटर नेहमी शंभराच्या पुढे मंदावत असेल तर ही चाचणी तेवढ्याच प्रतींची करावी.

पहिल्या पानापासूनच सगळं हळू असेल तर ड्रायव्हरमधलं सेटिंग बघावं. कागदाचा प्रकार `Plain` ऐवजी `Thick` वर राहिला असेल तर प्रिंटर जाड कागद समजून जास्त तापतो आणि सावकाश चालतो. काही मॉडेलांत `Quiet Mode` चालू राहिला तरी वेग कमी होतो. आधी कुणी जाड कार्डं छापली असतील तर हे सेटिंग तसंच राहून जातं.

तिसरं कारण नेमकं उलटं, म्हणजे उष्णता कमी पडणं. जिथे शेतीपंपांचा भार त्याच लाइनवर असतो, तिथे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टऐवजी १९० मिळाले तर हीटरची कमाल ताकद साधारण ६८ टक्क्यांवर येते. मग फ्युजर तापायला वेळ लागतो आणि प्रिंटर त्याची वाट बघत थांबतो. इथली खूण म्हणजे सुरुवातच संथ होते आणि छापलेली अक्षरं नखाने खरवडली तर निघतात. भारतात विकले जाणारे बहुतेक प्रिंटर २२० ते २४० व्होल्टच्या दहा टक्के खालपर्यंत, म्हणजे साधारण २०० व्होल्टपर्यंतच धरून बनवलेले असतात.

पावसाळ्यात यात ओल्या कागदाची भर पडते. भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज या घाटमाथ्याच्या बाजूच्या गावांत उघडा ठेवलेला रिम काही दिवसांत दमट होतो. फ्युजरची उष्णता आधी त्यातलं पाणी उडवण्यात खर्च होते. बाहेर येणाऱ्या पानातून वाफ दिसते, कागद वळतो. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं आणि लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये भरणं, एवढ्याने हा त्रास खूप कमी होतो.

थांबल्यावर काय करायचं, काय नाही

प्रिंटर तापून थांबला की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे बटण बंद करून पुन्हा चालू करणं. पंखा असलेल्या प्रिंटरवर हे उलटं पडतं. बंद केल्यावर पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते. चालू केल्यावर मशीन पुन्हा फ्युजर तापवायला घेतं. प्रिंटर चालूच ठेवावा, पंख्याचा आवाज येतोय का आणि जाळीतून हवा बाहेर पडतेय का ते बघावं आणि काही मिनिटं काम पाठवू नये.

झाकण उघडून आत टेबलफॅन मारणं ही दुसरी चूक. कार्ट्रिजमधल्या ड्रमवर उजेड पडला तर छपाईवर परिणाम होतो आणि वाऱ्याने टोनरची पावडर आतभर उडते. पंखा लावायचाच असेल तर झाकण बंद ठेवून बाहेरच्या जाळीच्या बाजूला लावावा, म्हणजे साठलेली गरम हवा हलते. प्रिंटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. शक्य असेल तर मोठं काम सकाळी दहाच्या आत काढावं. खोली सात-आठ अंशांनी गार असणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

महिन्याची मर्यादा म्हणजे काय?

प्रिंटर घेताना खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'मंथली ड्यूटी सायकल' असा आकडा असतो. लेझरजेट १०२० साठी तो ५,००० पानांचा आहे. अनेकांना वाटतं की ५,००१ व्या पानाला प्रिंटर बंद पडेल किंवा तो मधे थांबतो तो याच कारणाने. तसं नसतं. दुपारच्या थांब्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही. एखाद्या महिन्यात जास्तीत जास्त एवढी पानं काढली तरी मशीन तग धरेल, असा कंपनीचा तो अंदाज आहे.

पण हिशेबासाठी तो उपयोगी पडतो. ५,००० ला कामाच्या २५ दिवसांनी भागलं तर दिवसाला २०० पानं येतात. म्हणजे वरचं ४०० पानांचं एकच काम दोन दिवसांचा कोटा संपवतं. आणि हा आकडाही कमाल आहे, रोजच्या वापराचा नाही. अनेक कंपन्या त्याच्यासोबत 'शिफारस केलेली महिन्याची छपाई' असा दुसरा आकडा देतात. तो कमाल आकड्यापेक्षा खूप कमी असतो, अनेकदा त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी. प्रिंटर घेताना हा दुसरा आकडा बघायचा असतो.

आपली छपाई नेमकी किती होते हे कळायला महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पेज काढावं. त्यावर आजवर छापलेल्या पानांची संख्या असते. वजाबाकी केली की महिन्याचा आकडा हातात येतो. तो दर महिन्याला शिफारशीच्या वर जात असेल तर फ्युजरची फिल्म, कागद ओढणारे रबरी रोलर आणि गिअर वेळेआधी झिजतील. मोठ्या क्षमतेचं मशीन घ्यायचं की आहे तेच वाटून वापरायचं, हा निर्णय मग आकड्यावर घेता येतो.

मेकॅनिकला कधी बोलवायचं?

तापून थांबलेला प्रिंटर काही मिनिटांनी आपोआप सुरू होतो. तसं झालं तर काळजीचं कारण नाही. पण पंधरा-वीस पानांतच, तेही सकाळच्या गारव्यात, तो थांबायला लागला तर पंखा बंद पडलेला असू शकतो किंवा सेन्सरवर घाण बसलेली असू शकते. पानांवर ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल, कागद आकसल्यासारखा किंवा चुण्या पडून येत असेल, तर फ्युजरची फिल्म किंवा रोलर तपासून घ्यावा लागतो.

एचपीच्या पडदा असलेल्या प्रिंटरांवर `50.3 Fuser Error` दिसलं तर फ्युजर हद्दीपलीकडे तापल्याची ती नोंद आहे. `50.1` असेल तर उलट, फ्युजर हवा तेवढा तापत नाहीये. हे नेहमीचे थांबे नव्हेत. अशा वेळी प्रिंटर बंद करून प्लग काढावा, अर्धा तास पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग एकदाच चालू करून बघावा. तोच आकडा पुन्हा आला तर वारंवार चालू-बंद करत बसू नये. फ्युजरमध्ये शेवटचा बचाव म्हणून एक थर्मल स्विच किंवा फ्यूज असतो. तो एकदा कायमचा उडाला की सगळा फ्युजर बदलावा लागण्याची वेळ येऊ शकते, आणि जुन्या छोट्या प्रिंटरला तो खर्च परवडेलच असं नाही.